विसरण आणि परासरण : 'कशाची संहती?' हा राहून गेलेला प्रश्न

आठवी-नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पेशीच्या प्रकरणात दोन व्याख्या एकापाठोपाठ एक येतात. पहिली विसरणाची : पदार्थाचे कण जास्त संहतीच्या भागाकडून कमी संहतीच्या भागाकडे जातात, यास विसरण म्हणतात. दुसरी परासरणाची : निवडक्षम पारपटलातून पाणी कमी संहतीच्या द्रावणाकडून जास्त संहतीच्या द्रावणाकडे जाते, यास परासरण म्हणतात. याच्याच आगेमागे आणखी एक वाक्य बहुधा असते, ते म्हणजे परासरण हा विसरणाचाच एक विशेष प्रकार आहे.

ही तीन वाक्ये लागोपाठ वाचणाऱ्या चौकस मुलास एक शंका यायलाच हवी. विसरण जास्तीकडून कमीकडे होते, परासरण कमीकडून जास्तीकडे होते, आणि तरीही दुसरे पहिल्याचाच प्रकार आहे, हे कसे? उताराने धावणाऱ्या पाण्याचा एक विशेष प्रकार चढाने धावतो, असे सांगण्यासारखेच हे झाले. मूल बहुतेक वेळा शंका विचारत नाही. ते दोन्ही व्याख्या पाठ करते आणि परीक्षेत 'कमी' व 'जास्त' यांची अदलाबदल करून मोकळे होते. ही अदलाबदल अभ्यासाच्या आळसातून होते असे समजण्याचा प्रघात आहे. आमच्या मते तिचे मूळ व्याख्येच्या वाक्यरचनेत आहे.

दोन्ही वाक्यांत 'संहती' हा शब्द आला आहे, पण ती कशाची, हे सांगणारे षष्ठीचे पद दोन्हीकडे गळाले आहे. विसरणाच्या वाक्यात जो पदार्थ हलतो त्याचीच संहती अभिप्रेत असते. अत्तराचे कण हलतात आणि संहतीही अत्तराचीच मोजायची. परासरणाच्या वाक्यात हलते पाणी, आणि संहती मात्र पाण्यात विरघळलेल्या मिठाची किंवा साखरेची. म्हणजे कर्ता एक आणि मोजमाप दुसऱ्याचेच. मराठीत संदर्भाने कळणारे षष्ठीचे पद गाळण्याची मुभा आहे आणि एरवी त्याने काही बिघडत नाही. येथे मात्र दोन वाक्यांत दोन वेगवेगळी पदे गाळली गेली आहेत, आणि वाचणाऱ्यास ती एकच वाटतात.

ही विसंगती काही शिक्षकांच्या व लेखकांच्या ध्यानात आलेली आहे. तिच्यावर त्यांनी काढलेला तोडगा असा : परासरणाच्या व्याख्येतही संहती पाण्याचीच धरावी. साखरेचे द्रावण म्हणजे साखरेने जागा अडवलेले पाणी, त्यामुळे त्यात पाण्याची संहती कमी. शुद्ध पाण्यात ती सर्वांत जास्त. म्हणून पाणी आपल्या स्वतःच्या जास्त संहतीकडून कमी संहतीकडे जाते, आणि परासरण हे पाण्याचे विसरण ठरते. तोडगा नीटनेटका आहे. षष्ठीचे पद जागेवर आले, दोन्ही व्याख्यांची दिशा एक झाली, 'विशेष प्रकार' हे वाक्यही खरे ठरले. अडचण एवढीच, की निसर्ग या तोडग्याप्रमाणे वागत नाही.

हे तपासण्यास प्रयोगशाळा लागत नाही. कोणत्याही दवाखान्यात टांगलेल्या दोन बाटल्या पुरतात. एक सलाईनची, जिच्यावर ०.९ टक्के सोडियम क्लोराइड असे लिहिलेले असते. दुसरी डेक्स्ट्रोजची, म्हणजे ग्लुकोजची, जिच्यावर ५ टक्के असे असते. दोन्ही द्रावणे शिरेत सोडता येतात, कारण त्यांत रक्तातील तांबड्या पेशी फुगून फुटत नाहीत आणि आकसतही नाहीत. नुसते शुद्ध पाणी शिरेत सोडले तर पेशी फुटतील. पुस्तकाच्या भाषेत सांगायचे तर दोन्ही द्रावणे पेशीशी समपरासारी आहेत. पेशीतील पाण्याला ती सारख्याच जोराने ओढतात. (शरीरात गेल्यावर ग्लुकोज वापरले जाते आणि मागे पाणीच उरते, ही पुढची गोष्ट, आम्ही बोलतो आहोत ते बाटलीतल्या द्रावणाविषयी.)

आता पाण्याचा हिशेब करू. साध्या खोलीच्या तापमानास एक लिटर शुद्ध पाण्यात सुमारे ९९८ ग्रॅम पाणी असते. एक लिटर सलाईनचे वजन सुमारे १,००५ ग्रॅम. त्यातील ९ ग्रॅम मीठ वजा करता पाणी उरते सुमारे ९९६ ग्रॅम. एक लिटर डेक्स्ट्रोजचे वजन सुमारे १,०१७ ग्रॅम. त्यातील ५० ग्रॅम ग्लुकोज वजा करता पाणी उरते सुमारे ९६७ ग्रॅम. म्हणजे शुद्ध पाण्याच्या तुलनेत सलाईनमध्ये पाण्याची तूट आहे दोन-तीन ग्रॅमांची, आणि डेक्स्ट्रोजमध्ये आहे सुमारे तीस ग्रॅमांची. परासरण जर पाण्याच्या संहतीतील फरकावर चालत असेल, तर डेक्स्ट्रोजने सलाईनच्या दहापट जोराने पाणी ओढायला हवे. प्रत्यक्षात दोघांची ओढ जवळजवळ सारखी आहे.

सारखी का, हे दुसऱ्या हिशेबातून कळते. या वेळी ग्रॅम मोजायचे नाहीत, कण मोजायचे. नऊ ग्रॅम मीठ म्हणजे ०.१५४ मोल, पण मीठ पाण्यात विरघळताना सोडियम आणि क्लोराइड असे सुटे होते, म्हणून कण झाले दुप्पट, ०.३०८ मोल. पन्नास ग्रॅम ग्लुकोज म्हणजे सुमारे ०.२७८ मोल, आणि ग्लुकोजचा रेणू सुटा होत नाही. ०.३०८ आणि ०.२७८ हे आकडे एकमेकांच्या अगदी निकट आहेत. बाटल्यांवरील टक्के वेगळे, पाण्याची तूट दहापट वेगळी, पण विरघळलेल्या कणांची संख्या जवळपास सारखी. म्हणून ओढही जवळपास सारखी. परासरणाचे मोजमाप विरघळलेल्या कणांचे आहे. पाण्याने किती जागा सोडली याचे ते मोजमाप नाही.

याहून ठळक उदाहरण हवे असेल तर एप्सम सॉल्टचे घ्यावे. हे मॅग्नेशियम सल्फेट. पूर्वी घरोघरी जुलाबासाठी देत. आतड्यातून ते फारसे शोषले जात नाही, म्हणून आतड्यातच राहून पाणी आपल्याकडे धरून ठेवते आणि ओढते. हे परासरणच आहे. या क्षाराचा गुण असा, की तो विरघळताना भोवतालच्या पाण्याच्या रेणूंना इतके जवळ खेचतो की द्रावणाचे आकारमान वाढतच नाही म्हणावे इतके कमी वाढते. त्याच्या एक टक्का द्रावणाच्या एका लिटरमध्येही पाणी भरते सुमारे ९९८ ग्रॅमच, शुद्ध पाण्याइतके. पाण्याच्या संहतीत फरक नाही, तरी परासरण आहे. 'पाणी स्वतःच्या जास्त संहतीकडून कमी संहतीकडे जाते' ही व्याख्या येथे निरुत्तर होते.

मग परासरण आणि विसरण यांत खरा भेद कोणता? तो तीन ठिकाणी दिसतो, आणि तिन्ही ठिकाणे शाळेतील मुलास समजण्याजोगी आहेत.

पहिला भेद पटलाचा. विसरणास पटल लागत नाही. पाण्यात शाईचा थेंब टाकला की ते सुरू होते. परासरणास पटल लागते, आणि तेही असे की जे विरघळलेल्या कणांना अडवील व पाण्याला वाट देईल. हा 'अडवील' भाग महत्त्वाचा आहे. पटलाने साखरेलाही वाट दिली तर साखर एका बाजूने आणि पाणी दुसऱ्या बाजूने सरमिसळ होऊन दोन्हीकडे सारखे होतील. कोठेही पाणी चढणार नाही. हे पाहण्यासाठी बटाट्याचा जुना प्रयोग उत्तम आहे. दोन बटाटे घ्यावेत, एक कच्चा आणि एक उकडलेला. दोन्हींच्या बुडाची साल काढून बूड सपाट करावे, वरून खळगा कोरावा, खळग्यात चमचाभर साखर घालावी आणि दोन्ही बटाटे ताटलीतल्या पाण्यात उभे ठेवावेत. काही तासांनी कच्च्या बटाट्याचा खळगा पाकाने भरू लागलेला दिसतो. उकडलेल्याच्या खळग्यात साखर ओलावते, विरघळते, पण पातळी तशी चढत नाही. साखर दोन्हींत तीच, पाणी तेच, बटाट्याचा गरही तोच. उकडल्याने फक्त पेशींची पटले निकामी झाली. विसरण दोन्हींकडे चालू आहे. परासरण केवळ कच्च्यात आहे. पुस्तकांत हा प्रयोग अनेकदा असतो, पण उकडलेला बटाटा शेवटी एका ओळीत उरकला जातो. वस्तुतः दोन शब्दांमधील भेद शिकवणारा बटाटा तोच आहे.

दुसरा भेद दाबाचा. परासरणातून दाब निर्माण होतो; विसरणातून होत नाही. १७४८ साली नोले या फ्रेंच संशोधकाने मद्यार्काने भरलेल्या भांड्याच्या तोंडाशी डुकराचे मूत्राशय ताणून बांधले आणि ते भांडे पाण्यात बुडवले. मूत्राशय बाहेरच्या बाजूस टम्म फुगले, आणि टोचताच आतला द्रव कारंज्यासारखा उडाला. शाईचा थेंब पाण्यात कितीही पसरला तरी त्याने कारंजे उडत नाही. पुढे १८७७ मध्ये फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने मातीच्या सच्छिद्र भांड्याच्या भिंतीत तांब्याच्या एका क्षाराचे पटल बसवून हा दाब मोजला. केवळ एक टक्का साखरेच्या द्रावणाचा दाब पाऱ्याच्या अर्ध्या मीटरहून अधिक उंचीच्या स्तंभाइतका भरला. फेफरच्या अशाच मोजमापांवरून व्हान्ट हॉफ यांनी दाखवून दिले, की विरल द्रावणात हा दाब कणांच्या संख्येवर व तापमानावर अवलंबून असतो, कणांच्या जातीवर नाही. १९०१ चे रसायनशास्त्राचे पहिलेच नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, त्यामागे हेच काम होते. वर सलाईन आणि डेक्स्ट्रोज यांचा जो हिशेब मांडला, तो त्यांच्याच नियमाचा हिशेब आहे.

दाबाचा हा संबंध उलटाही चालतो. द्रावणाच्या बाजूने बाहेरून पुरेसा दाब दिला तर परासरण थांबते, आणि त्याहून जास्त दिला तर पाणी उलट दिशेने, क्षारांच्या बाजूकडून शुद्ध बाजूकडे जाऊ लागते. घरोघरी बसवलेले 'आरओ' यंत्र हेच करते. त्या दोन अक्षरांतील दुसरे अक्षर परासरणाचेच आहे. बोअरच्या पाण्याला पुरणारा दाब समुद्राच्या पाण्याला पुरत नाही, कारण समुद्राच्या पाण्याचा परासरणी दाबच सुमारे पंचवीस वातावरणांहून अधिक असतो. पाण्यात पसरलेली शाई मात्र दाबून परत थेंबात गोळा करता येत नाही.

तिसरा भेद शेवटाचा. विसरण कोठे थांबते? सगळीकडे संहती सारखी झाली की थांबते. परासरण थांबण्यास संहती सारखी व्हावी लागत नाही. झाडाच्या पेशीत पाणी शिरते, पेशी फुगते, भिंत ताणली जाते आणि उलट दाबू लागते; दाबांचा समतोल झाला की पाण्याचे निव्वळ येणे थांबते. त्या वेळीही पेशीतील रस बाहेरच्या पाण्याहून कितीतरी संहत असतो. तसे नसते तर कोवळी पालेभाजी ताठ उभी राहिली नसती. 'दोन्ही बाजूंची संहती सारखी होईपर्यंत परासरण चालते' असे जे विधान आढळते, ते विसरणाच्या व्याख्येचे शेपूट परासरणाला चिकटवल्याने आलेले आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. पटलाच्या आत पाण्याचे रेणू शेवटी कसे सरकतात? विसरणानेच ना? याचे उत्तर पटलापटलागणिक वेगळे आहे. ज्या पटलाला छिद्रे नाहीत, त्यात पाण्याचे रेणू एकेक करून शिरतात आणि पलीकडे निघतात. तेथे आतली हालचाल विसरणाची आहे असे म्हणण्यास हरकत नाही. ज्या पटलाला पाणी जाण्याइतकी छिद्रे आहेत, तेथे पाणी दाबाने ढकलल्यासारखे प्रवाहाने जाते. १९५७ मध्ये ॲलेक्झांडर मॉरो यांनी प्रयोगाने दाखवले, की अशा पटलातून होणारा पाण्याचा प्रवाह नुसत्या विसरणाने समजावता येण्याइतका मंद नसतो. कारण असे, की विरघळलेले कण छिद्राच्या तोंडाशी अडतात, आत शिरू शकत नाहीत. त्यामुळे छिद्राच्या त्या तोंडाशी पाण्याचा दाब उतरतो आणि शुद्ध बाजूचे पाणी तिकडे लोटले जाते. सजीव पेशींच्या पटलांत तर पाण्यासाठी खास प्रथिनांच्या नलिका असतात. त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्री यांना २००३ मध्ये नोबेल मिळाले. म्हणून 'परासरण हा विसरणाचा प्रकार आहे' हे वाक्य काही पटलांपुरते खरे आणि काहींपुरते चुकीचे आहे. शालेय व्याख्या अशा वाक्यावर उभी करू नये. पटलाच्या आत काय घडते हे न सांगताही, पटलाच्या दोन्ही बाजूंस काय असले म्हणजे पाणी कोठे जाते, हे अचूक सांगता येते.

स्वयंपाकघरातील उदाहरणे या विषयात सर्रास दिली जातात, आणि त्यांतही दोन्ही क्रियांची सरमिसळ झालेली असते. कैरीच्या फोडींना मीठ लावले की थोड्याच वेळात पाणी सुटते. हे परासरण, पेशीतील पाणी बाहेरच्या मिठाकडे निघाले. परंतु आठवड्याने तीच फोड आतपर्यंत खारट लागते. मिठाला अडवणारे पटल शाबूत असते तर मीठ आत गेलेच नसते. पाणी गमावून पेशी मेल्या, पटले निकामी झाली, आणि मग मीठ व मसाला विसरणाने आत पसरला. लोणचे 'मुरते' असे आपण म्हणतो, ते या दुसऱ्या क्रियेला. मराठीत 'पाणी सुटणे' आणि 'मुरणे' हे दोन वेगळे शब्द आजीपणजीपासून आहेत, आणि ते ज्या दोन क्रियांना लावले जातात त्या विज्ञानातही वेगळ्याच आहेत. पाण्यात टाकलेल्या मनुका फुगतात, हे परासरणाचे उदाहरण म्हणून दिले जाते. पण मनुका भिजवलेले पाणी पिऊन पाहावे, ते गोड लागते. वाळताना पेशींच्या पटलांची हानी झालेली असते, त्यामुळे पाणी आत जात असताना साखरही बाहेर येत असते. उदाहरण टाकून द्यावे असे आम्ही म्हणत नाही. त्यात दोन क्रिया आहेत, एवढे सांगावे.

आता शब्दांकडे वळू, कारण व्याख्येची ही गुंतागुंत आपल्या सीमेवरच्या आणि परप्रांतांतल्या मुलांसाठी शब्दांमुळे दुप्पट होते. विसरण आणि परासरण हे दोन्ही 'सृ' या एकाच धातूपासून झाले आहेत. सरण म्हणजे सरकणे. 'वि' या उपसर्गाने विखुरण्याचा अर्थ येतो, म्हणून विसरण हा शब्द क्रियेला नेमका बसतो. 'परा' या उपसर्गात दूर जाण्याचा, उलट जाण्याचा अर्थ आहे. पराजय, पराभव, परावर्तन यांत तो दिसतो. परासरण म्हणजे दूर सरकणे. त्यात ना पटल सूचित होते, ना ओढ, ना दाब. मराठी विश्वकोशाने ऑस्मोसिससाठी 'तर्षण' हा शब्द योजला. तर्ष म्हणजे तहान. ज्या बाजूस विरघळलेले कण अधिक ती बाजू जणू तहानलेली, ती पाणी ओढते. दिशा चुकण्याची शक्यताच उरत नाही. ग्रीक मूळ शब्दाचा अर्थ रेटा असा आहे, आणि तोही दाबाकडे बोट दाखवतो. या तिघांत आपला पाठ्यपुस्तकी शब्दच सर्वांत कमी बोलका आहे.

तरीही 'परासरण' काढून 'तर्षण' आणावा, अशी मागणी आम्ही करणार नाही. परासरण हा शब्द हिंदीतही तोच आहे, त्यामुळे इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी मुलास तो दोन भाषांत एकच मिळतो, आणि समपरासारी, अतिपरासारी, अवपरासारी हे पुढचे शब्दही त्यावरच बेतलेले आहेत. मागणी इतकीच, की परासरण शिकवताना कंसात किंवा टिपेत तर्षण हा पर्याय त्याच्या अर्थासह द्यावा. तो मुलाला दिशा लक्षात ठेवण्याची खूण म्हणून पुरेल.

इतर प्रांतांत मात्र याच धातूचे शब्द वेगळ्याच वाटेला गेले आहेत. हैदराबादच्या मराठी मुलाच्या तेलुगू पुस्तकात ऑस्मोसिसला द्रवाभिसरण म्हणतात. मराठीत अभिसरण म्हणजे उष्णतेमुळे द्रवात किंवा वायूत होणारे फिरते वहन, आणि रक्ताभिसरणातले अभिसरण. वडोदऱ्याच्या मुलाच्या गुजराती पुस्तकात विसरणाला प्रसरण म्हणतात आणि परासरणाला आसृति. मराठीत प्रसरण म्हणजे तापवल्यावर धातूची कांब वाढते ते. चारही भाषांचे शब्द संस्कृतातून आले, एकाच धातूतून आले, म्हणून ते एकमेकांत बदलून चालतील, असा समज घरातल्या वडीलधाऱ्यांचाही असतो. तो समज येथे दगा देतो. घरी मराठीत शिकवणाऱ्या पालकाने 'प्रसरण म्हणजे काय' याचे उत्तर मराठीतून देण्याआधी मुलाचे पुस्तक कोणत्या भाषेचे आहे ते पाहावे. आणि आमच्या सीमाभागात दहावीनंतर विज्ञान इंग्रजीतून समोर येते, तेव्हा मराठी व्याख्येतील गळालेले षष्ठीचे पद भरून काढायला कोणी नसते. चुकीची समजूत तशीच इंग्रजी शब्दाला जाऊन चिकटते.

अनुवादित पुस्तकांतही ही चूक बहुधा मुळातूनच उतरते, कारण इंग्रजी शालेय पुस्तकांतही 'पाण्याची जास्त संहती' हा तोडगा दीर्घकाळ चालत आला आहे. अनुवादकाने मूळ वाक्य इमानाने उतरवले म्हणून त्याला दोष देता येणार नाही. पण मराठी माध्यम टिकवा असे आपण राज्यकर्त्यांना सांगतो, तेव्हा त्या माध्यमातील व्याख्या इंग्रजीहून निदान कमी धूसर असावी, हे पाहणे आपलेच काम आहे. मराठीला विभक्ती प्रत्यय आहेत. 'कशाची', 'कशाकडून', 'कशाकडे' हे ती एका अक्षरात सांगू शकते. ते अक्षर न गाळता लिहिलेल्या दोन व्याख्या आम्ही येथे सुचवतो.

विसरण : एखाद्या पदार्थाचे कण, त्याच पदार्थाच्या कणांची दाटी जेथे जास्त आहे तेथून ती जेथे कमी आहे तिकडे आपोआप पसरत जातात, या पसरण्यास त्या पदार्थाचे विसरण म्हणतात. दाटी सगळीकडे सारखी झाली की निव्वळ पसरणे थांबते.

परासरण : पाण्याला वाट देणाऱ्या पण पाण्यात विरघळलेल्या कणांना अडवणाऱ्या पटलाच्या दोन बाजूंस विरघळलेल्या कणांची संख्या वेगवेगळी असेल, तर पाणी, कण कमी असलेल्या बाजूकडून कण जास्त असलेल्या बाजूकडे निव्वळ जाते, या जाण्यास परासरण किंवा तर्षण म्हणतात. जास्त कणांच्या बाजूस पुरेसा दाब निर्माण झाला की हे निव्वळ जाणे थांबते.

दुसऱ्या व्याख्येत 'संहती' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरलेला नाही. 'कणांची संख्या' म्हटले की कशाची हा प्रश्न उरत नाही, आणि मीठ व ग्लुकोज यांचा हिशेबही त्यात बसतो. काटेकोर पाहणाऱ्यास ही संख्या पाण्याच्या मानाने मोजावी लागते हे ठाऊक असेलच. तेवढी भर वरच्या वर्गात घालता येईल. 'निव्वळ' हा शब्द मात्र खालच्या वर्गातही गाळू नये, कारण पाण्याचे रेणू सतत दोन्ही दिशांनी जात असतात आणि आपण बोलतो ते केवळ त्यांच्या वजाबाकीविषयी. वरच्या वर्गात 'वॉटर पोटेन्शियल' ही कल्पना आल्यावर दाब आणि कण हे दोन्ही एकाच मापात बसतील, आणि या व्याख्येतले काहीही तेव्हा पुसावे लागणार नाही.

विज्ञान शिकवणाऱ्या आमच्या वाचक शिक्षकांना एक विनंती. पुढच्या वेळी हे प्रकरण आले, की फळ्यावर पुस्तकातील व्याख्या लिहावी, 'संहती' या शब्दाखाली रेघ ओढावी आणि वर्गाला विचारावे : कशाची? वर्गात एकाहून अधिक उत्तरे आली, तर सलाईन आणि डेक्स्ट्रोजच्या बाटल्यांचा हिशेब त्याच फळ्यावर मांडता येईल. पाठ्यपुस्तक मंडळाकडे दुरुस्तीचे पत्र पाठवताना ती उत्तरेही सोबत जोडावीत.